वर्षभरानंतरच्या डॉलरचा आजचा भाव

यंत्रमागाचे सुटे भाग परदेशातून मागवणाऱ्या एखाद्या कारखानदाराला वर्षभरानंतर 1 लाख डॉलर चुकते करायचे असतात. डॉलर आज 80 रुपयांना आहे. पुढच्या वर्षीची धाकधूक नको म्हणून तो बँकेत जातो आणि भाव आजच पक्का करून मागतो. बँक 82 रुपये 31 पैसे सांगते. बँकेच्या मते रुपया तेवढा घसरणार, असा समज त्याने करून घेतला तर नवल नाही. पण या 231 पैशांत कुणाचेही भाकीत नसते. तो दोन देशांच्या व्याजदरांचा हिशेब असतो.

बँक हे डॉलर देण्याचे वचन कशाच्या बळावर देते, ते पाहिले की हिशेब उलगडतो. वचन देताच ती आपली बाजू झाकून घेते. रुपये कर्जाऊ उचलायचे, त्यांचे आजच्या भावाने डॉलर घ्यायचे आणि ते वर्षभर व्याजाने ठेवायचे. मुदत भरली की तेच डॉलर कारखानदाराच्या हाती द्यायचे आणि त्याच्याकडून आलेल्या रुपयांतून कर्ज फेडायचे. समजा रुपयावर वर्षाला 7 टक्के आणि डॉलरवर 4 टक्के व्याज आहे. 80 रुपयांच्या कर्जाचे वर्षाने 85 रुपये 60 पैसे होतात आणि त्यातून घेतलेल्या एका डॉलरचे 1.04 डॉलर. म्हणजे 1.04 डॉलर हाती येण्यासाठी 85.60 रुपये लागले. भागाकार केला की एका डॉलरला 82.31 रुपये पडतात. सूत्र एवढेच:

फॉरवर्ड दर = आजचा दर × (1 + रुपयाचा व्याजदर) ÷ (1 + डॉलरचा व्याजदर)

मुदत वर्षाहून कमी असेल तर व्याजदर त्या दिवसांपुरता घ्यायचा. इथे एक बारकावा नवख्यांना चकवतो. रुपयाच्या व्याजाला वर्ष 365 दिवसांचे धरतात, डॉलरच्या व्याजाला 360 दिवसांचे. दुसरी चूक वजाबाकीची. 7 उणे 4 म्हणजे 3 टक्के, आणि 80 च्या 3 टक्क्यांप्रमाणे भाव 82.40, असा तोंडी हिशेब जवळपास बरोबर येतो. पण 9 पैसे चुकतात. 1 लाख डॉलरच्या सौद्यात ते 9 हजार रुपये होतात.

आजच्या आणि पुढच्या भावातील फरकाला मुंबईच्या बाजारात फॉरवर्ड प्रीमियम म्हणतात आणि तो पैशांत सांगतात. ज्या चलनावर व्याज जास्त, ते पुढच्या सौद्यात स्वस्त. व्याजात जे जास्त मिळते ते भावात परत जाते. चलनाची जोखीम अशी आधीच झाकलेली असताना दोन्ही देशांत पैसा सारखाच फळला पाहिजे, या नियमाला कव्हर्ड इंटरेस्ट पॅरिटी म्हणतात. केन्सने 1923 च्या ‘ए ट्रॅक्ट ऑन मॉनेटरी रिफॉर्म’ या पुस्तकात त्याची व्यवस्थित मांडणी केली.

भाव या हिशेबापासून सरकला की आर्बिट्राज, म्हणजे भावाची जोखीम न घेता नफा, उभा राहतो. एखाद्याने वर्षानंतरच्या डॉलरला 83 रुपये देऊ केले, तर तो डॉलर महाग झाला, तो विकायचा. 80 लाख रुपये कर्ज काढून 1 लाख डॉलर घ्यायचे, ते 4 टक्क्यांनी ठेवायचे आणि त्याच दिवशी वर्षानंतरचे 1,04,000 डॉलर 83 ने विकून टाकायचे. मुदतीला 86,32,000 रुपये येतात, कर्जापोटी 85,60,000 जातात आणि 72 हजार उरतात. भाव 81.50 असेल तर उलट वाट धरायची. 1 लाख डॉलर कर्ज काढून रुपये करायचे, 7 टक्क्यांनी ठेवायचे आणि मुदतीला येणाऱ्या 85,60,000 रुपयांचे डॉलर 81.50 च्या भावाने आजच बांधून ठेवायचे. 1,05,030 डॉलर मिळतात, 1,04,000 फेडायचे असतात. वर्षभरात रुपया कुठेही गेला तरी दोन्ही सौद्यांतला नफा हलत नाही, कारण चारही आकडे पहिल्याच दिवशी ठरलेले असतात.

कागदावरचा हा नफा प्रत्यक्षात सहसा हाती लागत नाही, कारण कर्जाचा दर आणि ठेवीचा दर एक नसतो. रुपयाचे कर्ज 7.5 टक्क्यांनी मिळते आणि ठेवीवर 7 टक्के सुटतात, डॉलरचे कर्ज 4.5 ने आणि ठेव 4 ने, असे धरले तर पहिल्या वाटेचा नफा भाव 82.69 च्या वर गेल्यावरच सुरू होतो आणि दुसऱ्या वाटेचा 81.91 च्या खाली आल्यावर. मधल्या 78 पैशांच्या पट्ट्यात भाव कुठेही असला तरी कुणाला काही साधत नाही. खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर हा पट्टा आणखी रुंद करते. केन्सनेही वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास फट पडल्याशिवाय कुणी हलणार नाही, असा अंदाज बांधला होता. म्हणून फट दिसली की आधी पाहायचे ते हे की वापरलेले व्याजदर आपल्याला खरोखर मिळणारे आहेत, की नुसते छापलेले.

भारतात आणखी एक भिंत आहे. परदेशातून हवे तेवढे डॉलर उचलून इथे आणण्याची मुभा सगळ्यांना नाही. म्हणूनच सिंगापूर आणि लंडनमध्ये रुपयाचे वायदे वेगळे चालतात. त्यांत रुपया हातात पडतच नाही, फक्त फरक डॉलरमध्ये चुकता होतो. बाजार बिथरला की तिथला भाव आणि मुंबईचा भाव यांत अंतर पडते, आणि दोन्हीकडे व्यवहाराची परवानगी असलेले मोजकेच लोक ते मिटवू शकतात.

फट मुद्दाम पाडली तर काय होते, ते 2013 मध्ये दिसले. ऑगस्टच्या अखेरीस डॉलर 68 रुपयांच्या पुढे गेला होता. 4 सप्टेंबरला रघुराम राजन यांनी रिझर्व्ह बँकेची सूत्रे घेतली आणि त्याच दिवशी एक खिडकी जाहीर केली. बँकांनी अनिवासी भारतीयांकडून किमान तीन वर्षांच्या डॉलर ठेवी घ्याव्यात, डॉलर रिझर्व्ह बँकेला द्यावेत आणि मुदतीला परत घ्यावेत; त्यासाठी प्रीमियम फक्त वर्षाला 3.5 टक्के. बाजारातला प्रीमियम त्याहून बराच जास्त होता. आपल्या उदाहरणातला 81.50 चा भाव तो हाच: पुढचा डॉलर हिशेबापेक्षा स्वस्त. तेव्हा दुसरी वाट सगळ्यांनी धरली. परदेशातल्या बँकांनी ठेवीदारांना स्वतःच्या रकमेच्या कैकपट कर्जे देऊन ठेवी करायला लावल्या. नोव्हेंबरअखेर खिडकी बंद झाली तोवर या ठेवींतून सुमारे 26 अब्ज डॉलर आले. हा नफा आकाशातून पडला नव्हता. बाजारभाव आणि 3.5 टक्के यांतला फरक रिझर्व्ह बँकेने सोसला होता. रुपया सावरण्यासाठी तिने मोजलेली ती किंमत होती.

मोठ्या चलनांतही 2008 नंतर फटी उरल्या आहेत. त्याआधी युरो, येन आणि डॉलर यांच्यात हा नियम जवळजवळ तंतोतंत पाळला जाई. फट बुजवायची तर बँकेला कर्ज आणि ठेव दोन्ही आपल्या ताळेबंदात घ्यावी लागतात, आणि नव्या नियमांनुसार ताळेबंद फुगला की जास्त भांडवल बाजूला ठेवावे लागते. तिमाहीच्या शेवटी, ताळेबंद दाखवण्याची वेळ आली की बँका हात आखडता घेतात. नेमक्या त्या दिवसांत येन देऊन डॉलर उसना घेणे महाग पडते आणि नवी तिमाही सुरू होताच पुन्हा उतरते.