तिरकिट दिसायला हवं

समजा, मिरजेत बसून एक तबलाशिक्षक न्यू जर्सीतल्या मुलांना शिकवताहेत. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा दिसतो. पण मुलांना बघायची असतात बोटं. ‘तिरकिट’ला कुठलं बोट शाईवर कुठे पडतं, हे लॅपटॉपच्या झाकणातून दिसत नाही. घरातला जुना अँड्रॉइड फोन स्टँडवर लावून तबल्याकडे वळवला, की हे काम होतं. प्रश्न एवढाच, की फोनमधलं चित्र विंडोजच्या लॅपटॉपपर्यंत न अडखळता कसं न्यायचं.

बहुतेक जण आधी वाय-फायचा मार्ग धरतात, कारण तो सोपा वाटतो. ड्रॉइडकॅम किंवा इरियन ॲप फोनवर टाकायचं, त्याचाच जोडीदार लॅपटॉपवर, दोन्ही एकाच राउटरवर. की झूमच्या कॅमेऱ्यांच्या यादीत फोन दिसू लागतो. विंडोज ११ मध्ये तर ‘लिंक टू विंडोज’मार्फत अशी सोय आयतीच आहे. पण हे चित्र किती फिरतं बघा. फोनकडून राउटरला, राउटरकडून लॅपटॉपला आणि लॅपटॉपकडून पुन्हा राउटरला, मग कुठे ते अमेरिकेच्या वाटेला लागतं. म्हणजे घरातल्या घरात हवेतून तीन फेऱ्या. त्यात राउटर २.४ गिगाहर्ट्झवर असेल, तर शेजाऱ्यांचे राउटर आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झवर गेल्याने फरक पडतो, मात्र राउटर त्याच खोलीत हवा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडला, तर तीनपैकी दोन फेऱ्या वाचतात. हॉस्टेल किंवा ऑफिसच्या वाय-फायवर मात्र फोन आणि लॅपटॉप एकमेकांना दिसतच नाहीत, असंही होतं. तिथे सुरक्षेसाठी उपकरणांचा आपसातला संपर्क बंद ठेवलेला असतो.

माझं मत विचाराल तर, रोजच्या शिकवणीला यूएसबी केबलच. पिक्सेल ६ आणि त्यानंतरच्या पिक्सेल फोनना डिसेंबर २०२३ पासून वेबकॅम होण्याची सोय मिळाली आहे. केबल जोडल्यावर यूएसबीच्या नोटिफिकेशनमध्ये ‘वेबकॅम’ निवडायचं, बस. लॅपटॉपवर काही टाकावं लागत नाही. बाकीच्या बऱ्याच फोनना वरचीच ॲप्स लागतात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे आणि ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करायचं. काम झालं की ते बंद करावं, नाहीतर फोनचं एक दार उघडं राहतं. आणि केबल जोडूनही फोन फक्त चार्ज होत असेल, यूएसबीचं नोटिफिकेशन उघडल्यावर फाइल ट्रान्सफरचा पर्याय निवडताच येत नसेल, तर आधी केबलवर संशय घ्या. स्वस्तातल्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच.

चित्र अडकतंय, पण दोष कुणाचा? झूम बंद करून विंडोजचं ‘कॅमेरा’ ॲप उघडा आणि फोनचा कॅमेरा निवडा. इथेही अडखळत असेल, तर गडबड फोन आणि लॅपटॉपच्या मधली. इथे सुरळीत आणि मुलांकडे तुटक, तर इंटरनेटकडे बघायचं. त्याच ॲपमध्ये लॅपटॉपच्या माइकवर एक टाळी रेकॉर्ड करा. हात भिडण्याआधीच आवाज ऐकू आला, तर चित्र मागे पडतंय. तबल्यात हे फार खटकतं: ‘धा’ ऐकू येतो आणि हात अजून वरच असतो. केबलवर ही पिछाडी सहसा कमी असते आणि मुख्य म्हणजे ती क्षणाक्षणाला बदलत नाही.

इतकं करूनही बोटं धूसर दिसतात, तेव्हा कारण जोडणीत नसतं, उजेडात असतं. प्रकाश कमी पडला की फोन प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो; तेवढ्यात बोट सरकतं आणि चित्रात त्याचा फराटा उरतो. प्रकाश वाढवला की शटर जलद ठेवता येतं. पण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं आणि चित्रात आडवे पट्टे सरकू लागतात. ज्या ॲपमध्ये शटर हाताने ठरवता येतं, तिथे ते १/१०० ठेवावं. पट्टेही जातात आणि तिरकिटही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. फोकस आणि एक्सपोजर तबल्यावर लॉक करा, नाहीतर पांढरी बाही मध्ये आली की सगळं चित्र काळवंडतं.

फोन तबल्यावर आडवा, तोंड जमिनीकडे करून लावला, की वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला कळत नाही आणि चित्र मध्येच फिरतं. म्हणून आधी ऑटो-रोटेट बंद करावं. स्टँड शिक्षक बसतात त्या चौरंगावर नको, जमिनीवर हवा. डग्ग्याचा प्रत्येक ठोका कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो.

तासाभराने फोन तापतो. कॅमेरा, स्क्रीन आणि केबलमधून होणारं चार्जिंग, तिन्ही एकदम चालू असतात. तापला की फोन स्वतःहून वेग कमी करतो आणि सुरुवातीला छान असलेलं चित्र रखडू लागतं. कव्हर काढा, ब्राइटनेस कमी करा आणि ॲपमध्ये १०८० ऐवजी ७२० निवडा. पुष्कळदा झूम पुढे तेवढंच पाठवतं, त्यामुळे मुलांना फरक कळणार नाही.