चिकाची भुकटी आणि कवचाचा दाणा

अक्रोडाचं स्क्रब थोडं घेऊन मलमलीच्या फडक्यात धुतलं, मलई निघून गेल्यावर उरलेले दाणे काळ्या कागदावर वाळवले आणि लॅपटॉपला जोडायच्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले. बोटांना जे रवाळ लागतं ते तिथे फुटलेल्या कौलांसारखं दिसतं. एकही दाणा गोल नाही. अक्रोडाचं किंवा जर्दाळूच्या बीचं कवच दळलं की ते तुटतं, त्याला कोपरे येतात. कारखान्यांत धातूचे भाग घासून साफ करायलाही अक्रोडाच्या कवचाचाच चुरा वापरतात.

म्हणून असं स्क्रब चेहरा फाडतंच, असं मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेत सेंट आइव्हजच्या जर्दाळू स्क्रबवर २०१६ साली दावा लावला गेला होता. दाण्यांमुळे त्वचेला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, असं त्यात म्हटलं होतं. इजा झाल्याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून २०१८ मध्ये तो निकाली निघाला. माझा आक्षेप वेगळा आहे. दाण्याचा जोर ठरवतो तो आपला हात, आणि हात सगळीकडे सारखा चालत नाही. नाकावर ठीक वाटणारा दाब गालावर जास्त होतो, मुरमावर तर फारच. तिथली त्वचा चिडते. आपल्या सावळ्या, गव्हाळ वर्णाच्या त्वचेत अशी चीड मुरली की मागे काळपट डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात.

स्क्रबऐवजी वापरतात त्या एन्झाइम पावडरचं काम घर्षणाने होत नाही. कच्च्या पपईला चिरा देऊन गळणारा चीक वाळवतात, त्यातून पपेन मिळतं. अननसाच्या खोडातून ब्रोमेलेन. दोन्ही प्रथिनं तोडतात. मटण शिजवताना कच्च्या पपईचा तुकडा टाकतात तो त्यासाठीच. त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत पेशी एकमेकींना प्रथिनांच्या दुव्यांनी धरून असतात. ते दुवे सैल झाले की पेशी पाण्याबरोबर निघून जातात. पिकलेल्या पपईत चीक जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तिचा गर चेहऱ्याला लावून एवढं काम होत नाही. कच्च्या पपईचा चीक थेट लावणं तर नकोच. त्याचा जोर किती, हे कळायला काही मार्ग नसतो.

हे एन्झाइम पाण्यात फार दिवस टिकत नाही, म्हणून ते कोरडं विकतात. पण डबीवर फळाचं चित्र आहे म्हणून आत जिवंत एन्झाइम असेलच असं नाही. ते घरी पाहता येतं. एक चमचा जिलेटिन अर्धा कप गरम पाण्यात विरघळवून दोन वाट्यांत ओतायचं आणि फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचं. एका वाटीवर कोमट पाण्यात कालवलेली अर्धा चमचा पावडर पसरायची, दुसरीवर नुसतं पाणी, आणि दोन्ही परत फ्रिजमध्ये. दुसरी वाटी वगळायची नाही, कारण आपल्या उन्हाळ्यात फ्रिजबाहेर काढलेलं जिलेटिन आपसूकच वितळतं. चायना ग्रासवर हा प्रयोग होत नाही, ते प्रथिन नव्हे. भाचीने आणलेल्या नव्या डबीतल्या पावडरीने सकाळपर्यंत जेलीत चांगला खड्डा केला होता, आत पातळ पाणी. न्हाणीघरात झाकण उघडं राहून गुठळ्या झालेल्या जुन्या पावडरीखालची जेली मात्र जशीच्या तशी. त्या जुन्या पावडरीने चेहरा धुऊन मऊ वाटत असे, पण ते काम त्यातल्या फेसाचं.

वापरताना अर्धा चमचा पावडर ओल्या तळहातावर घेऊन फेस करायचा, न चोळता पसरायचा आणि अर्ध्या मिनिटात कोमट पाण्याने धुवायचा. आठवड्यातून एकदा पुरे. स्क्रबमध्ये धोका दाबाचा असतो, इथे वेळेचा. ओल असेपर्यंत एन्झाइम तोडत राहतं आणि खरखर जाणवत नसल्याने माणूस पाच-दहा मिनिटं निर्धास्त बसतो. मृत थर केसाच्या जाडीहूनही पातळ आहे. त्याखालचे दुवे सैल झाले की दुसऱ्या दिवशी साधं मॉइश्चरायझरसुद्धा झोंबतं. तसं झोंबलं तर पावडर आणि स्क्रब दोन्ही काही आठवडे बाजूला ठेवायचं.

नाजूक त्वचेसाठी दोहोंतून एक निवडायचं तर मी पावडर निवडेन, कारण मिनिट मोजता येतं, दाब मोजता येत नाही. पण ज्यांना रबरी हातमोज्यांच्या लेटेक्सची, पपईची किंवा किवीची ॲलर्जी आहे त्यांनी पपेनच्या वाटेला जाऊ नये. जखमांवर लावायच्या पपेनच्या मलमांनी गंभीर ॲलर्जी झाल्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्यावर कारवाई केली होती. बाकीच्यांनीही आधी कानामागे थोडा फेस लावून धुवावा आणि दोन दिवस तिथे खाज किंवा लाली येते का ते पाहावं.