पहिल्या दोन ओळींत भाजीवाला

व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलवर ग्राहकाला उलट लिहिता येत नाही, फार तर अंगठा दाखवता येतो. म्हणून घरपोच भाजी देणाऱ्याच्या आठवड्याच्या निरोपात ऑर्डरचा नंबर आणि शेवटची वेळ आधी हवी. गुलाबाची फुलं आणि ‘शुभ सकाळ’ वर टाकलं, की कामाचा मजकूर ‘अधिक वाचा’च्या खाली जातो आणि तिथे फारसं कुणी पोचत नाही.

पावसाळ्यातला एक निरोप असा असू शकेल:

```
*रविवार १३ जुलै, स. ७ ते १०*
ऑर्डर: शनि. रात्री ८ पर्यंत, खालील नंबरवर
गवार पाव किलो ३० रु.
मेथी जुडी ३० ते ४० रु.
(ओली येईल, लगेच निवडा)
भेंडी नाही
```

रात्री आठची मुदत उगाच नाही. पहाटे मार्केट यार्डात किती उचलायचं ते त्यावरच ठरतं. पालेभाजीचा भाव मात्र तिथे गेल्यावरच कळतो, म्हणून तिच्यापुरता पल्ला द्यावा, गवारीला नको. ‘भेंडी नाही’ लिहिल्याने निम्मे फोन वाचतात. तारीख विसरली, तर मागच्या आठवड्याचा निरोप उघडून कुणीतरी जुन्या भावाने हुज्जत घालणारच.