कांदा, सुरी आणि डोळ्यांतलं पाणी

कांदा चिरायला घेतला की पहिले दोन-चार काप सुखाने होतात. डोळे झोंबायला लागतात ते अर्धा कांदा संपत आल्यावर, आणि सुरी खाली ठेवली तरी चुरचुर थोडा वेळ वाढतच जाते. झोंबणारं द्रव्य कांद्यात आधीपासून तयार असतं, तर पहिल्याच कापाला पाणी आलं असतं. अख्ख्या कांद्यात ते नसतंच. आपण चिरतो तेव्हा ते तयार होतं.

कांद्याच्या प्रत्येक पेशीत दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. एका कप्प्यात गंधकयुक्त पदार्थ, तर दुसऱ्यात अलिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. सुरीने पेशी फुटली की दोन्हींची गाठ पडते. अलिनेज त्या पदार्थाचे तुकडे करतं, मग दुसरं एक विकर त्यातल्या एका तुकड्याची रचना बदलतं आणि सिन-प्रोपेनथायाल-एस-ऑक्साइड हे लांबलचक नावाचं द्रव्य जन्माला येतं. ते चटकन हवेत उडतं. चिरल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि काही मिनिटांत ओसरतो. पहिल्या कापाला डोळे शांत राहतात ते यामुळे.

हे दुसरं विकर 2002 पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. अलिनेजच सगळं काम करतं, असा समज होता. जपानमधल्या हाऊस फूड्स या कंपनीचे संशोधक कांदा-लसणाचं वाटण हिरवट का पडतं, याचा शोध घेत होते. त्या कामात त्यांना हे विकर सापडलं. लसूण ठेचताना नाकात वास भरतो, पण डोळ्यांत पाणी येत नाही. त्याचं कारणही यातच आहे : अलिनेज लसणातही असतं, हे दुसरं विकर मात्र नसतं.

हवेत उडालेलं द्रव्य डोळ्यांवरच्या ओलाव्यात विरघळतं. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, शरीरातल्या सर्वांत हळव्या भागांपैकी एक. तिथल्या मज्जातंतूंची टोकं मेंदूला खबर देतात आणि अश्रुग्रंथी डोळा धुऊन काढायला पाणी सोडते. म्हणजे झोंबणं डोळ्यांत सुरू होतं, तोंडात किंवा नाकात नाही. तोंडात पावाचा तुकडा किंवा दातांत आगपेटीची काडी धरण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो, पण डोळ्यापर्यंत जाणारी हवा त्याने अडत नाही. डोळ्यांना घट्ट बसणारा पोहण्याचा चष्मा मात्र खरोखर काम करतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनाही कमी झोंबतं, कारण लेन्सने कॉर्निया झाकलेला असतो.

आता सुरीकडे वळू, कारण माझ्या मते निम्म्याहून अधिक फरक तिथेच पडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अतिवेगवान कॅमेऱ्यासमोर कांदे कापून पाहिले गेले, आणि 2025 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. कांद्याच्या पाकळीवरचा पातळ पापुद्रा दिसतो त्यापेक्षा चिवट असतो. बोथट पातं त्यावर टेकलं की पापुद्रा लगेच फाटत नाही. खालचा रसरशीत गर दाबला जातो, दाब साठतो, आणि पापुद्रा फाटताच रसाचे बारीक थेंब जोरात वर उडतात. धारदार पातं पापुद्रा हलकेच उघडतं, त्यामुळे थेंब कमी उडतात आणि त्यांचा वेगही कमी असतो. भराभर सुरी आपटण्याने थेंब वाढतात, असंही त्यात दिसलं. धार गेल्याची खूण ओळखायला सोपी आहे : सुरी टेकल्यावर कांदा आधी दबतो आणि मग कापला जातो, चकत्यांच्या कडा चिरडल्यासारख्या दिसतात, पाटावर पाणी सुटतं.

विळीवर बसून कांदा चिरणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. विळीचं पातं वर्षानुवर्षं धारेला लावलं जात नाही, आणि चिरणाऱ्याचा चेहरा नेमका पात्याच्या वर वाकलेला असतो. विळी सोडायला नको. धार करून घ्यावी आणि पाठ ताठ ठेवून थोडं मागे बसावं.

थंड करण्याचा उपाय खरा आहे, पण त्याला मर्यादा आहेत. थंडीत विकरांचं काम मंदावतं आणि तयार झालेलं द्रव्यही कमी उडतं. चिरण्यापूर्वी अर्धा तास कांदे फ्रिजमध्ये, किंवा घाई असेल तर दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावेत. मात्र रसाचे थेंब उडणं थंडीने थांबत नाही; कॉर्नेलच्या प्रयोगात गार कांद्यांतून थेंब कमी उडालेले आढळले नाहीत. म्हणजे बोथट सुरीची भरपाई फ्रिज करू शकत नाही. शिवाय कांदा बाहेर काढून पाटावर पडून राहिला की पुन्हा गरम होतो, म्हणून एकेक काढून लगेच चिरावा. फ्रीझरमध्ये गोठेपर्यंत ठेवला तर बर्फाने पेशी आतूनच फुटतात आणि नंतर कांदा लिबलिबीत होतो. आठवडाभराचे कांदे फ्रिजमध्ये भरून ठेवणंही बरं नव्हे, कारण तिथल्या ओलाव्याने ते मऊ पडतात. कांद्याला कोरडी, वारा खेळता जागा लागते. शेतकरी कांदाचाळ तशी बांधतात ती उगाच नाही.

सोलून दोन फाकी केलेला कांदा दहा मिनिटं गार पाण्यात ठेवला तरी झोंबणं कमी होतं. पण तो निसरडा होतो, चवही थोडी उतरते. कोशिंबिरीला हे चालतं, भज्यांना नाही, कारण त्यांना कोरडाच कांदा हवा.

समजा, पोह्यांसाठी चार कांदे बारीक चिरायचे आहेत. शेंडी उडवावी, पण मुळाकडचं बूड तसंच राहू द्यावं. गंधकयुक्त पदार्थ बाहेरच्या पाकळ्यांपेक्षा आतल्या गाभ्यात आणि शेंडीपेक्षा बुडाकडे जास्त असतात. शिवाय बुडामुळे पाकळ्या एकमेकींना धरून राहतात. बुडातून कांदा उभा दुभागून सपाट बाजू पाटावर टेकवावी. बुडाच्या अलीकडे थांबत उभे काप द्यावेत, मग त्यांवर आडवे, आणि उरलेलं बूड टाकून द्यावं. पेशी उभ्या दिशेने लांबट असतात, त्यामुळे उभ्या कापाला त्या कमी फुटतात. रस्सा-भाजीला उभा चिरलेला कांदा चालत असेल, तर आडवे काप टाळलेलेच बरे. एकेक कांदा झाला की तो झाकणाच्या भांड्यात सरकवावा आणि पाट पुसून घ्यावा, कारण पाटावरच्या रसातूनही वाफ निघतच असते. पंखा समोरून किंवा मागून नको. बाजूने असा लावावा की हवा चेहऱ्यापासून दूर जाईल.

कढईत पडल्यावर कांदा फार वेळ झोंबत नाही. उष्णतेने विकरं निकामी होतात आणि तयार झालेलं द्रव्य उडून जातं. म्हणून ग्रेव्हीसाठी कांदा वाटायचाच असेल, तर तो आधी अख्खा उकडून घ्यावा. नंतर वाटताना डोळे कोरडे राहतात.

कांद्याकांद्यातही फरक असतो. गंधक कमी असलेल्या जमिनीत वाढलेला कांदा सौम्य राहतो, पाण्याची ओढ सोसलेला जास्त तिखट होतो. अलिबागचा गोडसर पांढरा कांदा आणि चाळीत महिनोन् महिने टिकलेला उन्हाळी कांदा एकाच सुरीने चिरले, तरी डोळ्यांना फरक कळतो. एवढं करूनही डोळे भरून आलेच, तर तिथून उठावं, आधी हात साबणाने धुवावेत आणि मगच डोळ्यांवर गार पाणी मारावं. कांद्याच्या हातांनी डोळे चोळले, तर बोटांवरचा रस थेट आत जातो.