ताटातले उष्मांक वाटीने मोजताना

ताटातल्या भाताची वाटी पाहून उष्मांक सांगणं फसवं असतं. मोकळा भात आणि आसट भात यांत पाणी वेगवेगळं, आणि पाण्याला उष्मांक नसतात. वरणाचंही तेच. म्हणून माप शिजवण्याआधी घ्यावं. कोरडे तांदूळ, डाळ, कणीक, तिन्हींत १०० ग्रॅमला साधारण ३५० उष्मांक. एवढा एकच आकडा लक्षात ठेवला तरी चालतं.

चौघांचा स्वयंपाक धरू. १५० मिलीची वाटी (आपली किती मिलीची, ते एकदा पाणी भरून मोजावं) सपाट भरली की सुमारे १२० ग्रॅम तांदूळ मावतात. म्हणजे ४२०, माणशी १०५. अर्धी वाटी तूरडाळ माणशी ५० देते. पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, दोन पोळ्यांचे २००. अर्धा किलो फ्लॉवर चौघांत वाटला तर जेमतेम ३०.

इथवर ३८५ झाले. आता तेल. ५ मिलीच्या छोट्या चमच्यात सुमारे ४० उष्मांक असतात. भाजीला नऊ चमचे, वरणाच्या फोडणीला तीन, पोळ्यांना चार: एकूण सोळा चमचे, माणशी १६०. ताट ५४५वर जातं, आणि त्यातला जवळजवळ तीस टक्के वाटा तेलाचा!

हिशेब चुकतो तो बहुधा इथेच, कारण बाटलीतून थेट कढईत ओतलेलं तेल कोण मोजतं? स्वयंपाकाआधी आणि नंतर बाटली वजनकाट्यावर ठेवली की कळतं. भातावरचं तूप मात्र वेगळं धरावं.