वजाबाकीतून सापडणारी कोटी

चेंडूंचा एक मनोरा रचायचा आहे. सर्वांत वरच्या थरात १ चेंडू, त्याखाली ४, मग ९, मग १६. एक, दोन, तीन अशा थरांच्या मनोऱ्यांत एकूण किती चेंडू लागतील, याचा तक्ता असा होतो: १, ५, १४, ३०, ५५, ९१, १४०. यामागे बहुपदी असेल, तर तिची कोटी किती? हे शोधायला सूत्र माहीत असण्याची गरज नाही. वजाबाकी पुरते.

प्रत्येक संख्येतून आधीची संख्या वजा करत जा.

पहिले फरक: ४, ९, १६, २५, ३६, ४९
दुसरे फरक: ५, ७, ९, ११, १३
तिसरे फरक: २, २, २, २

तिसरी ओळ स्थिर झाली, म्हणून कोटी ३.

याचे कारण n³ वर तपासून बघता येते. (n+1)³ मधून n³ वजा केले की 3n² + 3n + 1 उरते. घन नाहीसा झाला, वर्ग राहिला. प्रत्येक वजाबाकी कोटी एकाने उतरवते, आणि कोटी शून्य झाली की स्थिर संख्या उरते. n³ साठी ती संख्या ३ × २ × १, म्हणजे ६ असते. आपल्याकडे २ आली, म्हणून n³ चा सहगुणक २/६, म्हणजे १/३. मात्र हा हिशेब n एक-एकने वाढतो तेव्हाचा. n दोन-दोनने वाढत असेल, तर या उत्तराला आणखी २³, म्हणजे ८ ने भागावे लागते. अंतरे असमान असतील, तर ही साधी वजाबाकी चालतच नाही.

तक्त्यात चूक असली, तर तीही याच ओळींत दिसते. समजा, ५५ च्या जागी ५६ छापले गेले. आता तक्ता २८५ पर्यंत, म्हणजे नऊ थरांपर्यंत वाढवून फरक काढले, तर चौथी ओळ सगळी शून्य येण्याऐवजी १, -४, ६, -४, १ अशी येते. या संख्या (a – b)⁴ च्या विस्तारातले सहगुणक आहेत. मधला ६ ज्या नोंदीच्या रेषेत येतो, ती नोंद चुकलेली असते, आणि त्याला ६ ने भागले की चूक किती ते कळते: इथे १ ने जास्त. दशांश पूर्णांकित केलेल्या तक्त्यात मात्र प्रत्येक नोंदीत थोडी चूक असतेच, त्यामुळे पुढच्या ओळी अगदी स्थिर न होता किंचित हेलकावतात.

उलट दिशेने जाऊन, स्थिर फरकापासून केवळ बेरजा करत तक्ते तयार करणारे यंत्र चार्ल्स बॅबेज यांनी १८२२ मध्ये योजले होते.

नोंदी किती आहेत, यालाही महत्त्व आहे. कोणत्याही चार संख्या घेतल्या, तरी तिसऱ्या ओळीत एकच संख्या उरते. तिला स्थिर म्हणण्यात अर्थ नाही, कारण तिच्याशी ताडून बघायला दुसरी संख्याच नसते. १, २, ४, ८, १६ या दुपटीच्या तक्त्यात फरक पुन्हा १, २, ४, ८ असेच येतात आणि तो कितीही लांबवला तरी ओळ स्थिर होत नाही. त्यामागे बहुपदीच नाही. म्हणून स्थिर ओळीत निदान तीन-चार संख्या सारख्या दिसल्याशिवाय कोटी ठरवू नये. तेव्हाही ते उत्तर तक्त्यात दिलेल्या नोंदींपुरतेच खात्रीचे असते.