ट्यूबच्या उजेडातला अल्बम एकरंगी कसा करायचा?

हळदीच्या फोटोंत एक गोष्ट हमखास खटकते. एकाच भिंतीपुढे, मिनिटभरात काढलेल्या फोटोंत ती भिंत एकात हिरवट, दुसऱ्यात पिवळट, तर तिसऱ्यात जवळजवळ पांढरी दिसते.

हिरवी झाक येते ती ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेमुळे. तिच्या प्रकाशात 546 नॅनोमीटरला हिरव्याची ठळक रेघ असते. आपला मेंदू ती सांभाळून घेतो, कॅमेरा जशीच्या तशी टिपतो. पण झाक दर फोटोत बदलते, त्याचं कारण वेगळं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. तिच्या आतल्या लेपातले काही रंग चटकन विझतात, काही रेंगाळतात. म्हणून मंदावताना उजेडाचा रंगही बदलतो. शटर 1/500 वर असेल, तर प्रत्येक फोटोच्या वाट्याला या चक्राचा वेगळाच तुकडा येतो.

अशा वेळी सगळे फोटो सॉफ्टवेअरच्या ‘ऑटो’वर सोडले, तर गोंधळ वाढतो. फोटोतल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असावी, हे त्यातलं जुनं आणि अजूनही वापरात असलेलं गृहीतक. फोटोभर पिवळी साडी आली की सॉफ्टवेअर त्या पिवळ्यालाच झाक समजतं आणि नवरीचा चेहरा निळसर करून टाकतं. पुढच्या फोटोत हिरवा शालू आला, की तोच चेहरा जांभळट होतो.

माझ्या मते अंदाज बांधण्यापेक्षा उजेड एकदाच मोजावा. शटर 1/100 किंवा 1/50 ठेवलं, की प्रत्येक फोटोत चक्र पूर्ण येतं आणि सगळ्यांची झाक सारखी होते. मग नवरीच्या जागी राखाडी कार्ड धरून एक फोटो रॉमध्ये घ्यायचा. समजा त्या कार्डावर लाल 60, हिरवा 120 आणि निळा 50 भरला. (रॉमध्ये हिरवा तसाही जास्तच भरतो.) तिन्ही सारखे व्हायला लालला 2 ने आणि निळ्याला 2.4 ने गुणायचं. डार्कटेबल किंवा लाइटरूममध्ये कार्डावर पिकर टेकवला, की हे गणित आपोआप होतं. तीच सेटिंग निवडलेल्या सगळ्या फोटोंवर एकदम चढवता येते. साडी पिवळी असो वा हिरवी, चेहरा तोच राहतो. जेपेगमध्ये आकडे आधीच वळवलेले असतात, तिथे हा गुणाकार इतका चोख बसत नाही.

1/500 वर आधीच काढून झालेल्या फोटोंना मात्र एक सेटिंग पुरत नाही. तिथे प्रत्येक फोटोत भिंतीचा तोच कोपरा शोधून मोजावा लागतो. एकाच फोटोत वरून खाली रंगाचे पट्टे उमटले असतील, तर तेही जमत नाही. खिडकीजवळच्या फोटोंचंही तसंच. एका गालावर ऊन आणि दुसऱ्यावर ट्यूब असेल, तर एकच गुणाकार दोन्ही गाल सुधारू शकत नाही. ते भाग वेगळे निवडून हातानेच दुरुस्त करावे लागतात.